विश्लेषण : बिल हाती, पैसेही दिले, तरी ‘क्रेडिट’ का अडकते?

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठला पोहोचलेला पत्रा, पाइप किंवा वायरचे बंडल दुकानात उतरते, बिल फाइलला लागते, घाऊक विक्रेत्याच्या खात्यात पैसेही जमा होतात. दुकानदाराच्या दृष्टीने व्यवहार तिथे संपतो. करखात्याच्या दृष्टीने तो संपतो पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला, जेव्हा जीएसटी पोर्टलवर दुकानदाराच्या नावाने ‘जीएसटीआर-२बी’ हे विवरण तयार होते. त्या विवरणात बिल नसेल, तर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, त्या महिन्यात घेता येत नाही. माल आला, पैसे दिले, बिल खरे आहे, हे सगळे सिद्ध असूनही नाही. हा ताळमेळ घालायचा कसा, फरक शोधायचा कुठे आणि त्याचा भार नेमका कोणावर, याचा हा ऊहापोह.

क्रेडिट विक्रेत्याच्या हातात का?

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे खरेदीदार आपल्या वहीतील बिलांवरून क्रेडिट घेत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला. पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांवरचे क्रेडिट, दाखवलेल्या क्रेडिटच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येईल, असे ठरले. ही सवलत जानेवारी २०२० पासून १० टक्के आणि जानेवारी २०२१ पासून ५ टक्के झाली. १ जानेवारी २०२२ पासून ती शून्य आहे. कायद्याच्या कलम १६(२) मध्ये ‘एए’ हे उपकलम जोडले गेले आणि पुरवठादाराने बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवले असेल व ते खरेदीदाराच्या विवरणात उतरले असेल, तरच क्रेडिट, अशी अट आली.

म्हणजे आज खरेदीदाराकडे दोन वह्या असतात. एक त्याची स्वतःची खरेदी नोंदवही, दुसरी पुरवठादारांनी मिळून त्याच्यासाठी लिहिलेली, म्हणजे जीएसटीआर-२बी. दर महिन्याला या दोन वह्या एकमेकींशी लावून पाहणे, याचेच नाव ताळमेळ. वेळही थोडा मिळतो. मासिक विवरण भरणाऱ्यासाठी २बी १४ तारखेला तयार होते आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. सगळी शोधाशोध या सहा दिवसांत उरकावी लागते.

एक उदाहरण : पेठमधील हार्डवेअरचे दुकान

समजण्यासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. दुकान पेठमध्ये, विवरण मासिक, सगळ्या मालावर कर १८ टक्के. मे महिन्यात १४ बिले आली. खरेदी वहीप्रमाणे त्यावरचा कर ९६,३०० रुपये. १४ जूनला २बी उघडले, तर त्यात मिळू शकणारे क्रेडिट दिसते ७३,८०० रुपये. फरक २२,५०० रुपयांचा.

अनेक दुकानांत ताळमेळ इथेच संपतो. “बावीस हजार कमी दिसतात, पुढच्या महिन्यात येतील,” असे म्हणून विषय बाजूला पडतो. पण बेरजेतील फरक हा खरा फरक नसतो. वहीत असून २बी मध्ये नसलेली बिले आणि २बी मध्ये असून वहीत नसलेली बिले परस्परांना खाऊन टाकतात. या दुकानात प्रत्यक्षात २७,९०० रुपयांचे क्रेडिट अडकलेले आहे. ५,४०० रुपयांचे एक बिल २बी मध्ये जास्तीचे आल्याने फरक तेवढा कमी भासतो. म्हणून ताळमेळ बिलागणिकच करावा लागतो.

बिले जुळवायची कशी?

पोर्टलवर Services → Returns → Returns Dashboard असे जाऊन महिना निवडला, की GSTR-2B ची एक्सेल फाइल उतरवता येते. मोबाइलवर नुसता आकडा पाहता येतो. जुळवणीसाठी मात्र संगणक बरा. दोन्ही याद्यांत पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक जोडून एक खूण तयार करायची. A स्तंभात जीएसटी क्रमांक आणि B स्तंभात बिल क्रमांक असेल, तर सूत्र असे :

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(B2),"/",""),"-","")
```

तिरकी रेघ आणि जोडरेघ यांमुळे होणारे खोटे फरक या सूत्राने गळून पडतात. ही खूण दुसऱ्या यादीत सापडली, तर करपात्र रक्कम आणि कर तपासायचा. दोन्ही सारखे असतील, तर ते बिल बाजूला ठेवायचे. आपल्या उदाहरणात अशी ९ बिले जुळली. त्यांवरचा कर ६१,२०० रुपये.

उरलेल्या बिलांसाठी दुसरी फेरी घ्यायची. आता बिल क्रमांक सोडून द्यायचा. फक्त जीएसटी क्रमांक आणि करपात्र रक्कम पाहायची. इथे एक बिल लगेच सापडते. वहीत दुकानातील मुलाने ‘148’ असे लिहिले, विक्रेत्याने पोर्टलवर ‘NS/0148’ असे टाकले. रक्कम ४०,००० रुपये, कर ७,२०० रुपये, दोन्हीकडे सारखाच. हा फरक कराचा नसून लिहिण्याचा आहे. वहीत दुरुस्ती करायची, क्रेडिट घ्यायचे.

दोन फेऱ्यांनंतर वहीतील चार बिले उरतात आणि २बी मधील एक. इथून पुढे संगणकाचे काम संपते. प्रत्येक बिल का उरले, हे माणसालाच शोधावे लागते.

चार बिले, चार कारणे

पहिले बिल नाशिकच्या पाइप विक्रेत्याचे. रक्कम ६०,००० रुपये, कर १०,८०० रुपये. विक्रेता खरा, माल आलेला; मग बिल गेले कुठे? पोर्टलच्या Search Taxpayer या भागात लॉगिन न करताही कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकून पाहता येतो. तिथे Show Filing Table दाबले, की त्याने कोणते विवरण कोणत्या तारखेला भरले, ते दिसते. हा विक्रेता तिमाही विवरण भरणारा निघाला. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांना ही मुभा आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले तो आयएफएफ या सोयीतून पुढील महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकू शकतो, पण ते ऐच्छिक आहे. त्याने टाकली नाहीत. एप्रिल ते जूनचे विवरण तो १३ जुलैपर्यंत भरेल आणि बिल १४ जुलैच्या २बी मध्ये येईल. हा केवळ वेळेचा फरक. क्रेडिट बुडाले नाही, महिनाभर पुढे गेले. अशा विक्रेत्याला “आयएफएफ भराल का,” एवढे विचारले तरी पुष्कळदा प्रश्न सुटतो.

दुसरे बिल वायर आणि स्विचचे. रक्कम २५,००० रुपये, कर ४,५०० रुपये. विक्रेत्याने जीएसटीआर-१ वेळेवर भरलेले दिसते, तरी बिल नाही. बिलाची प्रत काढून पाहिली, तर खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाची जागा रिकामी. घाईत काउंटरवर घेतलेला माल. विक्रेत्याने तो किरकोळ ग्राहकाच्या विक्रीत धरला. कर सरकारजमा झाला असेलही, पण पेठच्या दुकानाच्या नावावर नाही. विक्रेत्याने आपल्या पुढच्या विवरणात दुरुस्ती केली, तरच क्रेडिट येईल. जवळपास हाच प्रकार क्रमांकातील एखादे अक्षर चुकल्यावर होतो. १५ अंक-अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा चिन्हे पॅनची असतात. एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असेल, तर बिल चुकून दुसऱ्या राज्यातील नोंदणीवर जाऊ शकते.

तिसरे बिल पेठसारख्या सीमेवरच्या गावाला विशेष लागू पडणारे आहे. दुकानदार स्वतः पिकअप घेऊन धरमपूरमार्गे वलसाडला गेला, २०,००० रुपयांचा माल घेतला आणि घरी आला. विक्रेत्याने काउंटरवरची विक्री समजून गुजरातचा केंद्रीय व राज्य कर मिळून ३,६०० रुपये लावले. हे बिल २बी मध्ये आहे, पण ‘आयटीसी उपलब्ध नाही’ या भागात. कारण पुरवठ्याचे ठिकाण आणि विक्रेत्याचे राज्य दोन्ही गुजरात, तर खरेदीदार महाराष्ट्रातला. जीएसटी क्रमांक २४ ने सुरू झाला तर विक्रेता गुजरातचा, २७ ने तर महाराष्ट्राचा. गुजरातने घेतलेला राज्य कर महाराष्ट्रातील करातून वजा होत नाही. एकात्मिक कर कायद्यातील शब्द असे आहेत, की मालाची वाहतूक विक्रेत्याने केली काय किंवा खरेदीदाराने केली काय, ती जिथे संपते ते पुरवठ्याचे ठिकाण. म्हणजे माल पेठला जाणार असेल, तर बिलावर एकात्मिक कर, अर्थात आयजीएसटी, लागायला हवा. ही गोष्ट बिल बनण्यापूर्वी सांगणे एका वाक्याचे काम आहे. नंतर मात्र विक्रेत्याला जुने बिल रद्दबातल करून नवे द्यावे लागते आणि एवढ्या छोट्या रकमेसाठी परराज्यातला विक्रेता ते क्वचितच करतो.

चौथे बिल सर्वांत धोक्याचे. रक्कम ५०,००० रुपये, कर ९,००० रुपये. नवा विक्रेता, भाव इतरांपेक्षा थोडा कमी. Show Filing Table उघडले, तर त्याचे शेवटचे विवरण फेब्रुवारीचे. मार्चपासून पुढे काहीच भरलेले नाही. दुकानदाराने कर धरून ५९,००० रुपये आधीच देऊन टाकले आहेत. विक्रेत्याने विवरण भरले नाही, तर हे ९,००० रुपये दुकानदाराला खिशातून दुसऱ्यांदा द्यावे लागतील. भावात वाचलेले पैसे कराने कधीच खाल्लेले असतात.

आणि जास्तीचे आलेले बिल?

२बी मधील जास्तीचे बिल ३०,००० रुपयांचे, कर ५,४०० रुपये. विक्रेत्याने ३० मे रोजी माल रवाना केला, तो पेठला पोहोचला ३ जूनला. बिल २बी मध्ये आहे म्हणून क्रेडिट मिळतेच असे नाही. माल प्रत्यक्ष मिळणे ही वेगळी अट आहे. विक्रेत्याने मे महिन्यात बिल दाखवले हे बरोबर. दुकानदाराने ते मे महिन्यात घेणे बरोबर नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेल्या आयएमएस या सोयीत प्रत्येक बिलापुढे स्वीकार, नकार किंवा प्रलंबित, असे तीन पर्याय असतात. माल आला नसेल, तर बिल प्रलंबित ठेवता येते. ते मग पुढच्या महिन्यात स्वीकारायचे. काहीच केले नाही, तर बिल स्वीकारले असे गृहीत धरले जाते. १४ तारखेनंतर यात बदल केला, तर २बी पुन्हा मोजून घ्यावे लागते. हे राहून गेले, तर ३बी मध्ये 4(A)(5) या रकान्यात पूर्ण ७३,८०० रुपये दिसू द्यायचे आणि त्यातले ५,४०० रुपये 4(B)(2) मध्ये उलटवायचे. पुढच्या महिन्यात ते परत घेताना 4(D)(1) मध्येही नोंदवायचे. उलटवलेल्या आणि परत घेतलेल्या क्रेडिटचा हिशेब पोर्टल वेगळ्या खातेवहीत ठेवते, त्यामुळे ही नोंद चुकवून चालत नाही.

एकंदर मे महिन्यात या दुकानाने घ्यायचे क्रेडिट ६८,४०० रुपये. वहीतल्या आकड्यापेक्षा २७,९०० रुपये कमी. त्यातले १५,३०० रुपये विक्रेत्यांनी विवरण व दुरुस्ती केली की येतील; ३,६०० रुपये नवे बिल मिळाले तरच आणि ९,००० रुपये विक्रेत्याच्या मर्जीवर.

वहीप्रमाणे पूर्ण घेतले तर?

३बी मधील क्रेडिट २बी पेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त झाले, तर पोर्टल आपोआप ‘डीआरसी-०१सी’ ही सूचना पाठवते. सात दिवसांत एकतर जादा रक्कम व्याजासह भरायची किंवा कारण द्यायचे. उत्तर दिले नाही, तर पुढचे जीएसटीआर-१ भरणे अडते आणि मग आपल्या ग्राहकांचे क्रेडिटही थांबते. चुकीने घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर व्याज वार्षिक १८ टक्के आहे.

बिल २बी मध्ये आले म्हणजेही सुटका झाली असे नाही. विक्रेता जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवतो, पण कर भरण्याचे जीएसटीआर-३बी भरतच नाही, असे होते. नियम ३७ए सांगतो, की आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत विक्रेत्याने ते भरले नाही, तर खरेदीदाराने घेतलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवायचे. विक्रेत्याने पुढे कधी भरले, तर ते परत घेता येते. म्हणून मोठ्या पुरवठादारांच्या फाइलिंग टेबलमध्ये फक्त जीएसटीआर-१ ची तारीख पाहून थांबू नये. ३बी ची तारीखही पाहावी आणि ऑक्टोबरमध्ये एकदा सगळी यादी तपासावी. ३० नोव्हेंबर ही मागील वर्षाची राहिलेली बिले घेण्याचीही शेवटची तारीख आहे. वार्षिक विवरण त्याआधी भरले, तर ती मुदत त्याच दिवशी संपते.

महाराष्ट्राने हे आधी पाहिले आहे

हा प्रश्न जीएसटीने जन्माला घातलेला नाही. व्हॅटच्या काळात महाराष्ट्राच्या विक्रीकर विभागाने लेखापरीक्षण अहवालातील ‘जे-१’ आणि ‘जे-२’ या जोडपत्रांवरून विक्रेत्याची विक्री आणि खरेदीदाराची खरेदी संगणकावर जुळवली. त्यातून नुसती बिले विकणारे ‘हवाला’ व्यापारी सापडले आणि त्यांच्याकडून माल घेतल्याचे दाखवणाऱ्यांची वजावट नाकारली गेली. त्यात बनावट व्यवहार करणारे होते, तसे खरा माल घेतलेलेही होते.

राज्याच्या व्हॅट कायद्याच्या कलम ४८(५) नुसार जेवढा कर तिजोरीत जमा झाला, तेवढ्याचीच वजावट. महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीजने त्याला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये ते कलम वैध ठरवले. वजावट हा उपजत हक्क नाही, कायद्याने घातलेल्या अटींवर मिळणारी सवलत आहे, हे त्यामागचे सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये कर्नाटकच्या इकॉम गिल कॉफी प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नुसते बिल आणि धनादेशाने दिलेले पैसे दाखवून भागत नाही. माल खरोखर हलला, हे वजावट मागणाऱ्याने सिद्ध करायचे. तेव्हा बिलाबरोबर गाडी क्रमांक, वाहतुकीची पावती, माल उतरवल्याची नोंद जपून ठेवणे हा ताळमेळाचाच भाग आहे.

मग छोट्या दुकानदाराने काय करावे?

सर्वांत परिणामकारक उपाय पोर्टलवर नाही, पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. नव्या किंवा बेभरवशाच्या विक्रेत्याला मालाची किंमत लगेच द्यावी आणि कराची रक्कम बिल २बी मध्ये दिसल्यावर द्यावी. चौथ्या बिलात असे केले असते, तर ९,००० रुपये दुकानदाराच्याच हातात राहिले असते. मात्र हे लेखी किंवा निदान व्हॉट्सअॅपवर आधी ठरवावे. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे न दिल्यास क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे, तक्रार नेमकी असावी. “शेठ, आमचे बिल दिसत नाही,” या निरोपाला उत्तर येत नाही. “शेठ, नमस्कार. १२ मेचे आपले बिल, रक्कम २५,०००, आमच्या २बी मध्ये नाही. बिलावर आमचा जीएसटी क्रमांक राहिला आहे. या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करून कळवावे,” असा निरोप विक्रेता थेट आपल्या अकाउंटंटला पुढे पाठवू शकतो. तो जपूनही ठेवावा. पुढे नोटीस आली, तर दुकानदाराने वेळेत पाठपुरावा केला याचा तो पुरावा असतो.

भार कोणावर?

बनावट बिलांच्या साखळ्या तोडण्यासाठी जुळवणी हवी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो भार कोणी उचलायचा याचा. विवरण न भरणारा विक्रेता कोण, हे संगणकाला १४ तारखेलाच कळते. त्याच्याकडून वसुली करण्याचे अधिकार खात्याकडे आहेत, पेठच्या दुकानदाराकडे नाहीत. तरी आजच्या रचनेत पहिला फटका त्यालाच बसतो आणि विक्रेत्याच्या मागे धावण्याचे कामही त्याच्याच माथी येते.

२०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांच्या फरकांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकात वाट काढली होती. एका पुरवठादाराकडील फरक वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र आणि त्याहून जास्त असेल, तर सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. खऱ्या खरेदीला कागदांवरून ओळखता येते, हे खात्याने तेव्हा मान्य केले होते. माल, वाहतूक आणि बँकेतून दिलेले पैसे, या तिन्हींचे पुरावे देणाऱ्या लहान खरेदीदारासाठी अशी कायमची वाट असायला हवी, आणि वसुलीची पहिली नोटीस विवरण बुडवणाऱ्याच्या दारात जायला हवी. तोपर्यंत १४ ते २० या सहा दिवसांतली बिलागणिक तपासणी हाच दुकानदाराचा बचाव आहे.